साइड स्टँडवर नेमकं किती वजन पडतं?

गाडी उतारावर लावली आणि ती आडवी झाली, किंवा पावसाळ्यात शेताच्या कडेला लावली आणि स्टँड रुतून लवंडली, या दोन गोष्टी आपण वेगवेगळ्या समजतो. एकीकडे दोष उताराला देतो, दुसरीकडे चिखलाला. पण दोन्हीकडे प्रश्न एकच असतो: गाडीचं किती वजन साइड स्टँडवर येतंय? ते फार कमी झालं तर गाडी उजवीकडे पडते आणि जमिनीला सोसणार नाही इतकं झालं तर डावीकडे. हा आकडा अंदाजाने का होईना काढता आला, की गाडी कुठे आणि कशी लावायची हे बऱ्यापैकी कळायला लागतं.

आकडेमोडीसाठी एक गाडी धरू. साडेतीनशे सीसीच्या बुलेटचं वजन साधारण 195 किलो असतं. साइड स्टँडवर ती सरळ उभी नसते, डावीकडे कललेली असते. हा कल साधारण 10 अंशांचा धरू. गाडीचा गुरुत्वमध्य, म्हणजे सगळं वजन जिथे एकवटलंय असं मानता येतं ती जागा, इंजिनाच्या थोडी वर, जमिनीपासून अर्ध्या मीटरवर धरू. गाडी 10 अंश कलली की ही जागा दोन्ही चाकांना जोडणाऱ्या रेषेपासून डावीकडे जेमतेम 9 सेंटीमीटर सरकते. स्टँडचा पाय त्याच रेषेपासून सुमारे 35 सेंटीमीटर बाहेर टेकलेला असतो. नऊ भागिले पस्तीस म्हणजे साधारण पाव. तेव्हा सपाट, टणक जमिनीवर गाडीचं पाव वजन, म्हणजे 50 किलोच्या आसपास, स्टँडवर असतं आणि बाकीचं दोन चाकांवर. प्रत्येक गाडीचा आकडा थोडा वेगळा येईल. ज्यांना हौस आहे त्यांनी घरचा वजनकाटा स्टँडखाली ठेवून बघावं. फक्त दोन्ही चाकांखाली काट्याच्या उंचीच्याच फळ्या सरकवायला विसरू नका, नाहीतर मोजमाप चुकेल. का चुकेल, ते पुढे येतंच आहे.

या हिशेबातली एक बाब सहसा लक्षात येत नाही. गाडी डावीकडे कललेली दिसते म्हणून ती डावीकडे पडेल अशी भीती वाटते. प्रत्यक्षात सपाट जमिनीवर तिला डावीकडे, स्टँडवरून पलीकडे जायला अजून पंचवीसेक अंश कलावं लागेल. उजवीकडे पडायला मात्र 10 अंश पुरतात. तेवढी ती उजवीकडे उचलली गेली की गुरुत्वमध्य चाकांच्या बरोबर वर येतो, स्टँडवरचं वजन शून्य होतं, आणि मग शेजारून जाणाऱ्या माणसाच्या पिशवीचा धक्काही पुरतो. टणक जमिनीवर खरी जपायची बाजू उजवी आहे.

आता उतार घेऊ. रस्त्याला पाणी वाहून जावं म्हणून मधून कडेकडे थोडा ढाळ दिलेला असतो. डांबरी रस्त्याला तो साधारण अडीच टक्के, म्हणजे दीड अंशाच्या आत असतो. आपण डावीकडून चालवतो, डाव्या कडेला गाडी लावतो, त्यामुळे गाडीची डावी बाजू खालच्या अंगाला येते आणि कल किंचित वाढतो. त्याने काही बिघडत नाही. तीच गाडी रस्ता ओलांडून, पण तोंड न फिरवता उजव्या कडेला लावली की डावी बाजू वरच्या अंगाला जाते आणि गाडी तेवढीच ताठ होते. दीड अंशाने ती पडणार नाही. पण रस्ता सोडून बाजूच्या मुरुमावर उतरलात, किंवा सोसायटीच्या रॅम्पवर आडवी लावलीत, तर चित्र पटकन बदलतं.

आठ फुटांना एक फूट चढणारा रॅम्प बघा. हा उतार सात अंशांचा होतो. त्यावर बुलेट आडवी लावली आणि स्टँडची बाजू वर राहिली, तर गाडीचा खरा कल उरला फक्त तीन अंश. स्टँडवर 50 किलोऐवजी 15 किलोच उरले. टाकीवर डावीकडून दोन बोटांनी दाबलंत तरी स्टँडचा पाय जमिनीवरून हलतो आणि वाऱ्याची एक मोठी झुळूक पुरते. तीच गाडी उलट्या तोंडाने, स्टँड उताराच्या खालच्या बाजूला ठेवून लावली तर कल 17 अंश होतो आणि स्टँडवर 80 किलोंहून जास्त भार येतो. दिसायला ही गाडी भयंकर वाकलेली दिसते, पण टणक काँक्रीटवर ती पहिलीपेक्षा कितीतरी पक्की उभी असते. आडवी लावायचीच वेळ आली तर स्टँड खालच्या अंगाला. अर्थात जमीन टणक असली तरच. त्या 80 किलोंचं मऊ जमिनीत काय होतं ते लगेच बघू.

त्याआधी उताराच्या दिशेने गाडी लावण्याबद्दल. साइड स्टँड उघडताना पुढे जातो आणि बंद करताना मागे जातो. उघडलेला असताना त्याचा पाय सांध्याच्या थोडा पुढे टेकलेला असतो, आणि गाडीचं वजन त्याला पुढच्या अडणीवर दाबून धरतं. आता गाडी पुढे सरकली तर पाय जागेवरच राहतो, सांधा मात्र पायाच्या वरून पुढे निघून जातो आणि स्टँड आपोआप मिटतो. गाडी मागे सरकली तर उलट तो अडणीवर अधिकच घट्ट बसतो. म्हणून उतारावर गाडीचं तोंड चढाकडे हवं. त्या सात अंशांच्या रॅम्पवर तोंड खाली करून बुलेट न्यूट्रलमध्ये सोडली तर तिला पुढे ढकलणारा जोर जवळजवळ 24 किलोंचा असतो. स्टँड मिटायला हातभर अंतरही लागत नाही.

तोंड चढाकडे केलं तरी गिअर हवाच, आणि तो पहिला. इंजिन बंद असताना चाक फिरायचं तर पिस्टनला आतली हवा दाबावी लागते आणि पहिल्या गिअरमध्ये चाकाला इंजिन सर्वांत जास्त फिरवावं लागतं, म्हणून अडवणूक सर्वांत जास्त. बरेच जण इथे एक घाई करतात: इंजिन बंद, गिअर टाकला, लगेच स्टँड लावला आणि ब्रेक सोडला. चेन आणि गिअरच्या दात्यांमध्ये थोडी मोकळीक असते. ब्रेक सुटला की गाडी दोन-तीन इंच मागे येऊन मगच अडते, आणि तेवढ्यात स्टँडचा पाय फरफटतो किंवा खड्ड्याच्या कडेवर जातो. क्रम असा ठेवा. गाडीवर बसूनच पहिला गिअर टाकून इंजिन बंद करा, क्लच सोडा, मग पुढचा ब्रेक हळूहळू सैल करा. गाडी स्वतःहून मागे येऊन अडली, आणखी मागे सरकेना, की मग स्टँड काढा. उतरल्यावर हँडल पूर्ण डावीकडे वळवून लॉक करा. त्याने पुढच्या चाकाचा जमिनीला टेकलेला भाग किंचित उजवीकडे सरकतो आणि उजव्या बाजूची ती तुटपुंजी जागा थोडी वाढते.

जुन्या गाडीत पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या असतात, हवा गळते आणि गाडी गिअरमध्ये असूनही मिनिटामिनिटाने एक-एक हिसका घेत खाली सरकते. अशी गाडी लावून लगेच निघून न जाता चार-पाच मिनिटं थांबा. टायरच्या बाजूला जमिनीवर खडूने किंवा खड्याने रेघ मारून ठेवली की सरकणं लगेच दिसतं. सरकत असेल तर मागच्या चाकाच्या मागे दगड लावा.

गिअरलेस स्कूटरला यातलं काहीच लागू नाही. इंजिन बंद झालं की तिचा क्लच सुटलेला असतो, मागचं चाक मोकळंच फिरतं. बहुतेक इलेक्ट्रिक स्कूटरचंही तसंच, पार्क मोड मोटर बंद करतो, चाक धरून ठेवत नाही. मागच्या ब्रेकच्या लिव्हरला लॉक असेल तर तो वापरा. नसेल तर लिव्हर दाबून जाडसर रबराने किंवा वेल्क्रोच्या पट्टीने ग्रिपला बांधता येतो. चहा पिण्यापुरता हा उपाय चांगला. रात्रभरासाठी नाही, कारण रबर ढिला पडतो. रात्रभर उतारावर स्कूटर ठेवायचीच असेल तर चाकामागे दगड हाच खरा ब्रेक. डबल स्टँडबद्दल एवढंच सांगतो की तोही पुढे सरकल्यावरच मिटतो, त्यामुळे तोंड खाली असताना तो साइड स्टँडइतकाच बेभरवशाचा. शिवाय आडव्या उतारावर त्याचे दोन पाय फार जवळजवळ असतात.

मऊ जमिनीकडे वळू, कारण जास्त गाड्या तिथेच पडतात.

स्टँडच्या पायाचा तळ अगदीच लहान असतो. कंपनीतून आलेल्या बऱ्याच गाड्यांना तो साधारण 15 चौरस सेंटीमीटरचा, म्हणजे दोन बोटांच्या पेरांएवढा. त्यावर 50 किलो म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला तीन किलोंहून जास्त. आपण स्वतः एका पायाच्या टाचेवर सगळं वजन टाकून उभे राहिलो तर हा दाब दोन किलोंच्या आसपास जातो. म्हणून जागा तपासायची सोपी रीत: जिथे स्टँड टेकणार तिथे एका टाचेवर पूर्ण भार देऊन एक गिरकी घ्या. टाचेने खळगा पाडला तर स्टँड नक्की रुतणार. खळगा पडला नाही तरी हायसं वाटून घेऊ नका, कारण स्टँड टाचेपेक्षा दीडपट जोराने दाबतो. आणि भिजलेली काळी माती? तिला अर्धा किलोही पेलवत नाही.

रुतण्याची खरी गोम मात्र दाबात नाही, पुढे जे होतं त्यात आहे. स्टँड एक सेंटीमीटर खचला की गाडी दीड अंशाहून थोडी जास्त कलते. दोन सेंटीमीटर खचला की कल 13 अंशांवर जातो, गुरुत्वमध्य स्टँडकडे सरकतो आणि स्टँडवरचा भार 50 वरून 64 किलोंवर येतो. चार सेंटीमीटरला तो 80 होतो. म्हणजे रुतल्यामुळे भार वाढतो आणि भार वाढल्यामुळे अजून रुततो. टणक जमिनीवर डावीकडे पंचवीसेक अंशांची जी सूट होती, ती मऊ जमिनीत कामाची नाही, कारण गाडी तिथपर्यंत आपल्या पायांनीच चालत जाते. म्हणून लावल्यावर सुरुवातीची दोन-तीन मिनिटं महत्त्वाची. स्टँड लावला, गाडी स्थिर वाटली, थोड्या वेळाने पाय अर्धा सेंटीमीटर आत गेलेला दिसला, तर 'बसला आता जागेवर' म्हणून सोडून देऊ नका.

मे महिन्यातलं डांबर याच जातीचं आहे, फक्त संथ. रस्त्यांसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या व्हीजी-30 डांबराचा मऊ पडण्याचा बिंदू प्रमाणकानुसार किमान 47 अंश सेल्सिअस असावा लागतो. विदर्भातल्या उन्हात काळा रस्ता दुपारी याच्या वर सहज जातो. खडी भरपूर असलेल्या जुन्या रस्त्यावर फारसं काही होत नाही, पण नुकतंच डांबर टाकलेल्या जागी किंवा ठिगळ मारलेल्या खड्ड्यावर स्टँड हळूहळू शिरतो. सकाळी दहाला लावलेली गाडी बारापर्यंत ठणठणीत असते आणि दोनला आडवी सापडते. अशा वेळी सावली किंवा ठिगळाबाहेरची जागा शोधणं हाच अर्धा इलाज.

उरलेला अर्धा म्हणजे पायाखाली काहीतरी ठेवून दाब पसरवणं. हे सगळ्यांना माहीत असतं, आणि यातच मोठी गफलत होते: हाताशी असते ती वीट. वीट 75 मिलिमीटर जाड. साडेसात सेंटीमीटरने पाय वर उचलला की गाडी 12 अंशांनी ताठ होते, आणि आपला कल होता फक्त दहा. म्हणजे विटेवर स्टँड ठेवलेली बुलेट उजवीकडे पडायलाच उभी केलेली असते. मघाशी वजनकाट्याच्या उंचीच्या फळ्या चाकांखाली घ्यायला सांगितलं ते यासाठीच. पायाखाली ठेवायची वस्तू रुंद हवी आणि पातळ हवी. दहा सेंटीमीटर लांब-रुंद, एक सेंटीमीटर जाड प्लायवूडचा तुकडा घेतला तर तीन किलोंचा दाब अर्ध्या किलोवर येतो आणि कल दीड अंशानेच घटतो. कडाप्प्याचा किंवा फरशीचा तुकडाही चालतो, पण तो पोकळ जागेवर ठेवला तर तडकतो. चेपलेला कोल्ड्रिंकचा कॅन डांबरावर काम देतो, चिखलात दुमडतो. गोल गोटा अजिबात नको, पाय त्यावरून घसरतो. बाजारात मिळणारी, पायाला नट-बोल्टने आवळायची ॲल्युमिनियमची रुंद पट्टी रोजच्या मुरुमासाठी आणि डांबरासाठी उत्तम आहे. पण तिचं क्षेत्रफळ मूळ पायाच्या तिपटीच्या आसपासच असतं, म्हणून भिजल्या काळ्या मातीत तिच्यावर विसंबू नका. शिवाय तिचे बोल्ट ढिले होतात, महिन्यातून एकदा आवळावे लागतात.

एक प्रसंग धरून सगळं एकत्र बघू. जूनचा दुसरा आठवडा, मराठवाड्यातलं गाव, लग्नाचा मांडव शेतात. आदल्या रात्री पाऊस पडून गेलेला आणि गाड्या लावायची सोय नांगरलेल्या रानाच्या कडेला. काळ्या मातीचा वरचा पापुद्रा उन्हाने वाळलेला असतो, त्यामुळे चालताना टणक वाटतं. टाचेची गिरकी घेतली की खालची ओल लगेच दिसते. जिथे बैलगाड्यांची किंवा ट्रॅक्टरची चाकोरी आहे तिथली माती दाबलेली असते, गाडी त्या चाकोरीत घ्या, चाकं आणि स्टँड दोन्ही. एक चाक चाकोरीत आणि स्टँड भुसभुशीत मातीत, असं नको. मग पायाखाली प्लायवूड. इथे मात्र एक जास्तीची गोष्ट तपासावी लागते. स्टँड आता फळीवर आहे, तो खचणार नाही. पण चाकं खचतील. चाकं दोन-तीन सेंटीमीटर बसली आणि स्टँड वरच राहिला तर परिणाम विटेसारखाच, गाडी ताठ होत जाते आणि उजवीकडे पडते. म्हणजे फळी टाकल्यावर धोका बाजू बदलतो. म्हणून मऊ रानात फळी किंचित दाबून, चाकांच्या पातळीच्या थोडी खाली बसवा. पायाने माती दोन सेंटीमीटर खरवडून खळगा करा, त्यात फळी सपाट ठेवा आणि मग स्टँड टेका. शेवटी डावीकडे उभं राहून सीटला तळव्याने उजवीकडे हलकं ढकला. दोन बोटांच्या जोराने स्टँड उचलला गेला तर गाडी ताठ आहे, खळगा आणखी खोल करा. तळहाताचा नीट जोर लावावा लागला तर बरोबर. संध्याकाळी आभाळ भरून आलं तर हा सगळा हिशेब रद्द: काळी माती भिजली की फुगते आणि सकाळी जी तुमच्या टाचेला दाद देत नव्हती तीच रात्री लोण्यासारखी होते. अशा वेळी गाडी डांबरी रस्त्याच्या कडेला नेऊन लावा आणि मांडवापर्यंत चालत या.

सामानाचा मुद्दा वेगळाच आहे. मागे सामान चढवलं की सस्पेन्शन दबतं, गाडी खाली येते, स्टँडची लांबी तीच राहते, म्हणून गाडी ताठ होते. त्यातून सामान फक्त उजवीकडे असलं तर विचारू नका. दूधवाल्यांची गाडी बघा. 112 किलोंची शंभर सीसीची गाडी, दोन्ही बाजूंना 20 लिटरचे भरलेले कॅन. एक कॅन धरून सुमारे 25 किलो. दोन्ही असताना ते एकमेकांना तोलतात. डावा कॅन आधी काढला की उरलेला उजवा कॅन गाडीला उजवीकडे ओढतो, आणि स्टँडवर गाडीला धरून ठेवणाऱ्या ओढीपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश तो एकटाच खाऊन टाकतो. त्यात रस्त्याच्या ढाळामुळे स्टँडची बाजू वर असेल तर उरलेल्या पावातलाही बराचसा जातो. कॅन 40 लिटरचा असेल तर गाडी सपाट जमिनीवरही पडते. म्हणून उजवा कॅन आधी उतरवायचा आणि चढवताना डावा आधी चढवायचा. जाणते दूधवाले हे न सांगता करतात. किराणा, खताची पोती, प्रवासाच्या बॅगा, सगळ्यांना हाच क्रम लागू.

गाडी पडायला लागलीच तर ती धरायला जाऊ नका. 195 किलो पंधरा-वीस अंश कलल्यावर एका हाताने थांबत नाहीत, आणि पाय खाली अडकला तर लेगगार्डही नेहमी वाचवतोच असं नाही. पडल्यावर आधी चावी बंद करा, पेट्रोलचा कॉक असेल तर तोही. गाडी उजव्या अंगावर पडली असेल तर उचलण्याआधी वाकून साइड स्टँड उघडून ठेवा, म्हणजे उभी करताना ती पलीकडे गेली तरी स्टँडवर थांबेल. गिअर टाकलेला असू द्या, नाहीतर अर्धी उचललेली गाडी उतारावर चाकांवरून सुटते. आणि चिखलातून निघताना आधी गाडीवर बसून ती सरळ करा, स्टँड मिटवा, मगच फळी काढा. फळीला भोक पाडून सुतळी बांधून तिचं दुसरं टोक हँडलला अडकवलेलं असेल, तर खाली वाकायचीही गरज पडत नाही.